दोन मोटरच्या गाडीला एसबस कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «सर, लेख वाचला. साध्या गोष्टीचं लै अवघड केलंय. माझी दोन मोटरची गाडी आर्डुइनो उनोवर pulseIn नं चालते, रिमोटनं मस्त पळते. तुमचं ऐकून एसबसची वायर उनोच्या आरएक्सला लावली, तर नुसता कचरा वाचला गेला. नवशिक्यांनी दोन चॅनेलसाठी एवढा खटाटोप का करायचा?»

नमस्कार. रिमोटच्या गाडीत pulseIn ऐवजी एसबस, म्हणजे सगळी चॅनेल एकाच वायरीवरून आकड्यांत पाठवायची रिसीव्हरची पद्धत, वापरा असं मी त्या लेखात सुचवलं होतं. तुमची गाडी पळते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. pulseIn, म्हणजे पल्सची लांबी मोजणारं फंक्शन, हळू आहे अशी तक्रार बरेच जण करतात, ती मी करणार नाही. रिसीव्हर प्रत्येक चॅनेलवर साधारण २० मिलिसेकंदांनी एक पल्स देतो. रिमोटची काडी एका टोकाला असेल तर ती १००० मायक्रोसेकंदांची, मध्ये १५०० ची आणि दुसऱ्या टोकाला २००० ची. दोन चॅनेल एकामागून एक वाचायला जास्तीत जास्त साधारण ४० मिलिसेकंद लागतात, आणि चाकांच्या गाडीला तेवढा उशीर चालतो. माझा मुद्दा गाडी पळण्याचा नाही, ती थांबण्याचा आहे.

आपल्याकडे अशा गाड्या शेवटी उसात जातात. फवारणीसाठी म्हणा किंवा सरीतून ओझं न्यायला म्हणा, कोल्हापुरात जो कोणी असा रोबो बनवतो त्याच्या डोक्यात ऊस असतोच. मोकळ्या मैदानावर २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट लांबवर पोचतो. पण डोक्याएवढ्या उसात रिसीव्हरचा अँटेना जमिनीपासून हातभर उंचीवर आणि मध्ये ओल्या पानांची भिंत, अशा वेळी त्याच रिमोटचा संबंध लवकर तुटतो, कारण पानांतलं पाणी या लहरी शोषून घेतं. म्हणजे सिग्नल जाणं ही तिथे रोजची गोष्ट आहे.

आता तुमच्यासारखा कोड घेऊ. बहुतेक गाड्यांत तो असाच असतो:

```cpp
long p = pulseIn(2, HIGH);
int v = map(p, 1000, 2000, -255, 255);
if (v < 0) { digitalWrite(DIR, LOW);  analogWrite(5, -v); }
else       { digitalWrite(DIR, HIGH); analogWrite(5, v); }
```

समजा धक्क्यानं रिसीव्हरची सिग्नल वायर निसटली. pulseIn ला वेळेची मर्यादा दिलेली नाही, त्यामुळे ते पूर्ण एक सेकंद पल्सची वाट बघत बसतं. तोवर मोटर आधीच्याच वेगानं फिरत राहते. चालण्याच्या वेगानं जाणारी गाडी तेवढ्यात मीटरभर पुढे गेलेली असते. मग pulseIn शून्य परत देतं. त्या शून्याचं `map` मधून उत्तर येतं -७६५, कारण `map` दिलेल्या हद्दीबाहेरचे आकडे अडवत नाही. `analogWrite` ला ७६५ मिळतात. उनोच्या ५ नंबर पिनमागचं रजिस्टर आठ बिटांचं आहे, त्यात ७६५ चे खालचे आठ बिट उरतात, म्हणजे २५३. थोडक्यात, वायर निसटली की गाडी जवळजवळ पूर्ण वेगानं उलटी धावते, आणि मागे तुम्ही स्वतः रिमोट घेऊन उभे असता.

यावर `constrain` टाका असं कोणी सांगेल. त्यानं शून्याचे १००० होतील, आणि १००० म्हणजेच पूर्ण उलटा वेग. उपाय एकच: शून्य आलं की `map` कडे जायचंच नाही, थेट मोटर बंद. आणि `pulseIn(2, HIGH, 25000)` अशी २५ मिलिसेकंदांची मर्यादा द्यायची.

एवढं केलं की वायरचा प्रश्न सुटतो. हवेतल्या सिग्नलचा सुटत नाही, आणि मी एसबसकडे वळतो ते यामुळेच. रिमोटचा संबंध तुटल्यावर काय करायचं हे रिसीव्हर ठरवतो, तुमचा कोड नाही. काही रिसीव्हर पल्स बंद करतात. काही आधी ठरवून दिलेली पल्स देतात. आणि 'होल्ड' वर ठेवलेला रिसीव्हर शेवटची पल्स तशीच पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. काडी १७०० वर असताना उसात सिग्नल गेला, तर दर २० मिलिसेकंदांनी नीटनेटके १७०० येत राहतील. इंटरप्ट वापरा, टायमर वापरा, त्या वायरीवरून जिवंत माणसाचे १७०० आणि तुटलेल्या रिमोटचे १७०० वेगळे ओळखता येत नाहीत. तेवढी माहिती त्या वायरीवर मुळात नसतेच.

एसबसवर ती असते. फुताबाच्या या पद्धतीत एका वायरीवरून २५ बाइटची फ्रेम येते. पहिला बाइट `0x0F`, मग २२ बाइटांत ११ बिटांची १६ चॅनेल, आणि २४ वा बाइट खुणांचा. त्यातला `0x08` बिट म्हणजे रिसीव्हर स्वतः सांगतो की रिमोट तुटला, हे आकडे खरे धरू नका. `0x04` म्हणजे फक्त ही एक फ्रेम हुकली. त्यावर गाडी थांबवू नका, नाहीतर ती सारखी अडखळेल.

तुम्हाला कचरा का मिळाला तेही सांगतो. एसबस साधी सिरियल असली तरी उलटी आहे: जिथे उनोला शून्य अपेक्षित तिथे एक आणि एकाच्या जागी शून्य. शिवाय वेग १,००,००० बॉड, सम पॅरिटी आणि दोन स्टॉप बिट, म्हणजे `SERIAL_8E2`. वेग उनोला अचूक जमतो, पण सिग्नल उलटवणं त्याच्या सिरियलला जमत नाही. मध्ये एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावा: रिसीव्हरकडून १० किलो-ओहममधून बेसला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर आरएक्सला आणि कलेक्टरवरून १० किलो-ओहम ५ व्होल्टला. उनोचा तोच आरएक्स यूएसबीलाही जोडलेला असतो, म्हणून प्रोग्रॅम चढवताना ही वायर काढावी लागते. या कटकटीमुळे मी उनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड सुचवतो. त्यात शेवटच्या `true` नं सिग्नल आतच उलटतो:

```cpp
Serial2.begin(100000, SERIAL_8E2, 16, 17, true);
// पूर्ण फ्रेम आली की lastGood = millis();
bool lost = (buf[23] & 0x08) || (millis() - lastGood > 100);
```

`lost` च्या ओळीत दोन अटी मुद्दाम आहेत. रिमोट तुटल्यावरही रिसीव्हर फ्रेमा पाठवतच राहू शकतो, त्यामुळे नुसतं घड्याळ बघून ते कळणार नाही. वायर तुटली तर फ्रेमच येत नाही, मग बिट कोण सांगणार? तिथे घड्याळच लागतं. फ्रेम कुठून सुरू होते हे मात्र फक्त `0x0F` वरून ठरवू नका, तो बाइट चॅनेलच्या आकड्यांतही येऊ शकतो. फ्रेम ३ मिलिसेकंदांत संपते आणि पुढची येईपर्यंत निदान तेवढीच शांतता असते. त्या शांततेनंतरचा पहिला बाइट धरा.

तुम्हाला पीडब्ल्यूएमच, म्हणजे आताची पल्सची पद्धतच, ठेवायची असेल तर जरूर ठेवा, फक्त रिसीव्हरचा फेलसेफ, म्हणजे संबंध तुटल्यावर त्यानं काय करायचं ती सेटिंग, 'पल्स बंद' वर न्या. तो पर्याय नसेल तर दोन्ही काड्या मध्यावर धरून तीच जागा फेलसेफ म्हणून साठवा, म्हणजे सिग्नल गेला की १५०० येतील आणि गाडी उभी राहील.

कुठलीही पद्धत असो, चाकं विटांवर उचलून तपासा. काडी पुढे धरून रिमोट बंद करा. मग रिमोट चालू ठेवून सिग्नलची वायर उपटा. दोन्ही वेळा चाकं थांबली पाहिजेत. पहिली चाचणी एसबसवरही टाळू नका, कारण सगळेच रिसीव्हर तो `0x08` बिट इमानानं लावत नाहीत. ज्यात तो लागत नाही तिथेही फेलसेफची जागा मध्यावरच साठवावी लागते.

तिसरी चाचणी: काडी पुढे असतानाच रिमोट पुन्हा चालू करा. गाडीनं लगेच झेप घेता कामा नये. काडी एकदा मध्यावर, म्हणजे पीडब्ल्यूएममध्ये १५०० च्या आसपास आणि एसबसमध्ये ९९२ च्या आसपास, आल्याशिवाय मोटरला करंट द्यायचा नाही, ही अट कोडमध्ये घाला. पल्स बंद करणाऱ्या रिसीव्हरबरोबर ती तुमच्या उनोवरही जशीच्या तशी चालेल.