करंगळीच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

"करंगळी अनामिकेच्या वरच्या पेरापर्यंत पोचत नसेल तर ती मुलगी खोटं बोलणारी, घरात आणू नका."

बेळगाव-खानापूरकडच्या स्थळांच्या ग्रुपवर हे दोन दिवस फिरतंय. मी हौसेनं बरीच वर्षं हात बघतोय, म्हणून सांगतो, हस्तरेषेच्या शास्त्रात असं नाहीच. करंगळी बुधाची, तिच्यावरनं बोलणं आणि व्यवहार बघतात, आणि आखूड असली तर मन मोकळं करायला जड जातं एवढंच म्हणतात. आणि मापाआधी बोट कुठनं सुरू होतंय ते बघायचं असतं, तेच मेसेजमध्ये गाळलंय.

परवा खानापूरच्या एका पोरीचा हात बघितला. करंगळीचं टोक अनामिकेच्या वरच्या पेराच्या रेघेच्या अर्धा सेंटीमीटर खाली, घरचे घाबरलेले, पण तळवा उघडून चारी बोटांची मुळं बघितली तर करंगळीचं मूळ बाकीच्यांपेक्षा जवळपास एक सेंटीमीटर खाली. मुळापासनं टोकापर्यंत मोजलं तर बोट चांगलं लांब. याला खाली बसलेली करंगळी म्हणतात, आणि खूप जणांची असते बघा.

आणि खरं सांगायचं तर हे सगळं परंपरेतलं, बोटांची लांबी आईबापाकडनं येते, त्यावरनं माणूस खोटा की खरा हे सिद्ध झालेलं नाही. त्या पोरीचं स्थळ या मेसेजनं अडलंय हो, म्हणून कळकळीनं सांगतो, पुढं पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा आणि त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.