वार्षिक एएमसीचं बिल आणि उत्पन्न: एक खुलासा

“वर्षाचं बिल केलं, जीएसटीही भरला, म्हणजे सगळी रक्कम त्याच महिन्याचं उत्पन्न.”

नाही. जीएसटी बिलावर लगेच लागतो, पण उत्पन्न सेवा दिली जाते तसतसं धरायचं.

समजा, १ ऑक्टोबरपासून वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, जीएसटी सोडून १,२०,००० रुपये. ३१ मार्चला उत्पन्न ६०,०००. उरलेले ६०,००० डिफर्ड रेव्हेन्यू, म्हणजे ताळेबंदात देणं. पैसे बँकेत आले तरी सेवा अजून द्यायची आहे.

खरी गडबड मधल्या वाढीव बिलात होते. ग्राहकानं १ जानेवारीला महिना १०,०००चा प्लॅन १२,०००चा केला, तर उरलेल्या नऊ महिन्यांचं फरकाचं बिल १८,०००. ते नऊ महिन्यांतच वाटायला हवं. ईआरपीत उत्पन्न वाटण्याचं बारा महिन्यांचं टेम्प्लेट तसंच राहिलं, तर दरमहा २,००० ऐवजी १,५०० पडतात आणि ३० सप्टेंबरला करार संपूनही ४,५०० शिल्लक दिसतात. नूतनीकरणाचं बिल आगाऊ निघतं, तेव्हाही सुरुवात बिलाच्या नव्हे, सेवेच्या तारखेपासून धरा.

महिनाअखेरीस डिफर्ड रेव्हेन्यूचं लेजर ग्राहकवार काढा. करार संपलेल्याच्या नावावर शिल्लक असेल, तर आधी बिलाच्या ओळीवरच्या सेवेच्या तारखा तपासा.