हरवल्याचा पुरावा आणा

दहावीची गुणपत्रिका हरवली तर काय करायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. ‘‘अगं, अर्ज टाकायचा फक्त!’’ असं सांगणाऱ्यांची स्वतःची गुणपत्रिका मात्र लॅमिनेट होऊन कपाटात सुखाने पडलेली असते.

माझी घर बदलताना गेली. कंपनीने कागदपत्रांच्या पडताळणीसाठी दहावीची मूळ प्रत मागितली, तेव्हा ते उघडकीला आलं. मी राहते ठाण्यात, पण मार्च 1998 ची परीक्षा दिली साताऱ्यातून. म्हणजे माझं विभागीय मंडळ कोल्हापूरचं. वाशीच्या मुंबई विभागाला माझ्या बीजगणिताशी काही देणंघेणं नाही. शिवाय अर्ज करायचा तो शाळेमार्फत, मुख्याध्यापकांच्या पत्रासह. सोबत पोलिसांचा गहाळ झाल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स, ओळखपत्र आणि फी.

यादी वाचून मी आधी पोलीस चौकीत गेले, कारण हरवलेली वस्तू म्हटलं की माणसाला पोलीसच आठवतात.

‘‘चोरीला गेली की गहाळ झाली?’’ हवालदारांनी विचारलं.

‘‘फरक काय?’’

‘‘चोरी म्हणालात तर गुन्हा दाखल करायला लागेल, मॅडम. मग चोर शोधा, पंचनामा करा. गहाळ म्हणा, नोंद करून दाखला देतो.’’

चोर दहावीचे गुण कशाला नेईल, आणि तेही माझे? मी गहाळ म्हणाले.

‘‘कुठे गहाळ झाली? आमच्या हद्दीत का?’’

सामानाचा टेम्पो डोंबिवलीहून निघून ठाण्यात पोचला होता. वाटेत किती हद्दी लागल्या हे मी मोजलं नव्हतं. शेवटी सामान जिथे उतरलं तीच हद्द धरायची, असं आमच्यात ठरलं. पेन उघडून त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, ‘‘बैठक क्रमांक?’’

तो गुणपत्रिकेवर होता.

‘‘मग आधी तो आणा. नुसतं ‘शैक्षणिक कागदपत्रे गहाळ’ लिहून दिलं तर मंडळ विचारेल, कुठली? परीक्षेचं नाव, महिना, वर्ष, बैठक क्रमांक, सगळं दाखल्यावर पाहिजे.’’

माणूस बरोबर बोलत होता, हाच त्रास होता. प्रतिज्ञापत्रातही हेच लिहावं लागतं, अर्जातही हेच. ऑनलाइन प्रत शोधायला गेलं तर तिथेही पहिल्यांदा बैठक क्रमांकच मागतात. तेव्हा यादीत काहीही क्रम असो, सुरुवात शाळेपासून करायची.

शाळेतल्या लेखनिकांनी कपाटावरून जुनं निकालपत्रक खाली काढलं. खाकी पुठ्ठा, कोपरे वाळवीने कुरतडलेले, पण आतले आकडे शाबूत. नावाखाली बोट फिरवत ते म्हणाले, ‘‘ताई, हे आडनाव तुमचं नाही.’’ लग्नाआधीचं आहे, म्हटलं. त्यांनी सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: अर्ज परीक्षेच्या वेळच्याच नावाने करायचा, दुय्यम प्रतही त्याच नावाने छापून येते. आधार कार्डावरचं आडनाव वेगळं असेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे हे प्रतिज्ञापत्रात लिहायचं आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा. नाहीतर अर्ज करणारी एक आणि पास झालेली दुसरी.

ते बैठक क्रमांक उतरवून घेत होते, तेवढ्यात मी शेजारच्या ओळी वाचून घेतल्या. गणितात नव्वद पडल्याचं आजतागायत सांगणाऱ्या एका मैत्रिणीला तिथे बासष्ट होते. प्रवासाचा खर्च तिथेच वसूल झाला.

मग पुन्हा चौकी, पुन्हा टेम्पो, पुन्हा हद्द. पण दाखला मिळाला. कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाने प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावला. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात शंभरचे व्यवहार पाचशेवर गेले आहेत, हे खरंच. पण शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्काची माफी आहे, ही गोष्ट तो सांगत नाही. साधा कागद चालेल का, हे अर्ज जिथे द्यायचा तिथे आधी विचारलेलं बरं. त्याच्या टेबलासमोर उभं राहून कायदा काढला, तर तो मशीनवर कव्हर घालून चहाला जातो.

सगळे कागद शाळेने पत्र लावून पुढे पाठवले. यथावकाश नवी कोरी गुणपत्रिका आली, दुय्यम असल्याच्या शिक्क्यासकट. कंपनीतल्या मुलाने ती घेतली, नाव आणि वर्ष ताडून पाहिलं, स्कॅन केली आणि परत दिली. गुणांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. 1998 साली याच गुणांवरून बाबा माझ्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हते.