व्हॉइस टायपिंग केलेला मेसेज दुसऱ्या भाषेत पाठवण्याआधी प्लीज हे वाचा

घरात कुणी आजारी असलं की हल्ली एक मेसेज दोन भाषांत जातो. आमच्याकडे नागपुरात तर हे घरोघरी आहे, नातेवाईक मराठी आणि दिवसभर पेशंटजवळ बसणारी दीदी बालाघाट किंवा छिंदवाड्याकडची, तिला हिंदीच जवळची. आता गोळ्यांचं वेळापत्रक टाईप करत बसायला वेळ कुणाकडे आहे, म्हणून माईक दाबायचा आणि बोलून टाकायचं, मग आलेला मजकूर भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकायचा आणि हिंदीत पाठवायचा. बोलून टाईप करायला माझी काहीच हरकत नाही, मीही तेच करते. पण मराठी मजकूर पूर्ण दुरुस्त न करता त्याची हिंदी करू नका, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

कारण सांगते. माईकने चुकवलेलं मराठी दिसायलाच मोडकं दिसतं, वाचणारा अडखळतो, विचारतो की हे काय लिहिलंय. पण तेच मोडकं वाक्य भाषांतरातून गेलं की गुळगुळीत होऊन बाहेर येतं. अ‍ॅपला काहीतरी अर्थ लावायचाच असतो, तो लावतं, आणि चूक असते तशीच राहते, फक्त आता ती शुद्ध हिंदीत असते. मग दीदीला शंका कशी येणार? तिच्या हातात तर नीट वाक्य आहे.

सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या तेव्हाचा माझा कच्चा मजकूर खाली देते. आठवडाभर मी नसणार होते, अमरावतीच्या आत्या येऊन राहणार होत्या आणि दिवसा दीदी. मी डिस्चार्जचा कागद समोर धरून बोलले आणि माईकने हे उमटवलं:

"सकाळी उठल्यावर थायरॉईडची गोळी उपाशी पोती मग पाहून तास चहा देऊन का नाश्ता च्या आधी शुगरची आधी गोळी कॅल्शियम दुपारी जेवल्यावर डी ची पुडी रविवारी शुगर 17 च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात जाग नसेल तर तोंडाने काही देऊन का लगेच फोन करा"

यात "उपाशी पोती" ही सगळ्यात ठळक चूक आणि सगळ्यात बिनधोक, कारण ती कुणालाही कळते. डोळा तिकडे जातो, आपण ती दुरुस्त करतो आणि वाटतं झालं काम. खऱ्या धोक्याच्या चुका त्याच्या शेजारी शांत बसलेल्या असतात, म्हणून मी शुद्धलेखन सगळ्यात शेवटी बघते.

पहिल्यांदा शोधायचे ते नकार. मी म्हटलं होतं "देऊ नका" आणि उमटलं "देऊन का". बोलताना दोन्ही जवळजवळ सारखंच ऐकू येतं, फक्त शब्द कुठे तुटतो तेवढा फरक, पण मनाईच गायब. आता "चहा देऊन का नाश्ता च्या आधी" याची हिंदी करताना तो एकटा पडलेला "का" बाजूला टाकला जाऊन "चाय देकर नाश्ते से पहले" असं होऊ शकतं, म्हणजे जे करू नका म्हटलं तेच करा! आणि शेवटच्या ओळीत तर जास्त गंभीर, शुगर उतरून माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणीसुद्धा घालायचं नसतं, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून मूळ कागदावर जेवढ्या मनाया आहेत त्या मी मोजते आणि मेसेजमध्ये तेवढ्याच आहेत का ते बघते. कागदावर दोन होत्या, मजकुरात एकही नव्हती. आणि दुरुस्त करताना नुसतं "नका" नीट जोडून मी थांबत नाही, नकार वाक्यात दोनदा येईल असं लिहिते. "चहा, दूध, नाश्ता काहीच देऊ नका" यातला एक शब्द तुटला तरी "काहीच" शिल्लक राहतो.

मग आकडे. सत्तर बोललं की सतरा होतं, साठचं सात होतं, आणि माईक तो आकडा 17 असा छान छापून देतो त्यामुळे खराच वाटतो. शुगर 70 च्या खाली गेली की साखर द्या असं कागदावर होतं. मेसेजमध्ये 17 असेल तर दीदी मशीनवर 58 बघून निवांत बसेल, कारण 58 काही 17 च्या खाली नाही ना. आकडा खरा की खोटा हे मजकूर वाचून कळत नाही, कागदाशी ताडूनच कळतं, त्यामुळे प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून कागदावर तोच आहे का ते बघायचं, याला दुसरा इलाज नाही.

आपले पाव, पाऊण, दीड, अडीच, साडे हे तर माईकच्या तावडीत सापडले की संपलंच. "पाऊण तास" चं "पाहून तास" झालं बघा. हे मी सरळ मिनिटांत लिहिते, 45 मिनिटं. हिंदीतही 45 मिनट, कुणाला काही विचारावं लागत नाही.

आता या मेसेजमधली सगळ्यात वाईट जागा. मी बोलले "शुगरची अर्धी गोळी" आणि उमटलं "शुगरची आधी गोळी". मराठी वाचणारा समजेल की शुगरची गोळी आधी द्यायची, किती ते लिहिलेलंच नाही, म्हणजे एक अख्खी. अ‍ॅपही तेच समजेल आणि "पहले शुगर की गोली" लिहील. अर्ध्याची अख्खी झाली! आणि गंमत नाही, उलटंही होतं, मराठीतलं "आधी" घाईत हिंदी मेसेजमध्ये तसंच राहिलं तर हिंदीत त्याचा अर्थ अर्धी. "खाली" चंही तेच, आपल्याकडे 70 च्या खाली, त्यांच्याकडे खाली म्हणजे रिकामं. म्हणून मी दोन्ही भाषांत हे शब्द टाळते जिथे डोस आहे तिथे. अर्धी असेल तर "गोळीचे 2 तुकडे करून 1 तुकडा" असं लिहिते, लांब होतं पण त्याचा दुसरा अर्थ निघत नाही. (गोळीवर मध्ये रेघ असेल तरच तुकडे करायचे, काही गोळ्या तोडायच्या नसतात, आमच्या डॉक्टरांनीच अर्धी लिहिली होती.)

आणि पूर्णविराम! मराठीत बोललं की माईक बहुतेक वेळा विराम देतच नाही. "डी ची पुडी रविवारी शुगर 17 च्या खाली आली तर" हे परत वाचा. रविवारी कशाशी जोडायचं, पुडीशी की शुगरशी? शुगरशी जोडलं तर पुडी कधी द्यायची हे मेसेजमध्ये कुठेच उरत नाही आणि मग सकाळच्या गोळ्यांबरोबर ती रोज जायला लागते. ती व्हिटॅमिन डी ची 60,000 युनिटची, आठवड्यातून एकदा घ्यायची पुडी आहे. म्हणून एक औषध, एक ओळ, आणि ओळ संपली की एंटर. परिच्छेदात औषधं लिहूच नये कुणी.

एवढं सगळं करून मराठी असं झालं:

"आत्या, सकाळी उठल्यावर थायरॉईडची 1 गोळी पाण्यासोबत. पोट रिकामं हवं.
त्यानंतर 45 मिनिटं चहा, दूध, नाश्ता काहीच देऊ नका.
मग शुगरची गोळी, 2 तुकडे करून 1 तुकडा. लगेच नाश्ता.
दुपारी जेवण झाल्यावर कॅल्शियमची 1 गोळी. सकाळी देऊ नका, थायरॉईडच्या गोळीपासून 4 तास लांब हवी.
डी ची पुडी फक्त रविवारी, 1. बाकी दिवशी नाही.
शुगर 70 पेक्षा कमी आली आणि आई जाग्या असतील तर 3 चमचे साखर पाण्यात. 15 मिनिटांनी परत तपासा.
जाग्या नसतील तर तोंडात काहीच घालू नका, पाणीसुद्धा नाही. लगेच 108 ला फोन, मग मला."

108 कच्च्या मजकुरात नव्हताच, "फोन करा" एवढंच होतं. कुणाला? बोलताना आपल्या डोक्यात असतं, मजकुरात नसतं. कॅल्शियमचं कारणही असंच राहिलं होतं, ती गोळी जवळजवळ घेतली तर थायरॉईडचं औषध अंगी नीट लागत नाही, म्हणून चार तास. कारण लिहिलं नाही तर कुणीतरी सोयीसाठी सगळ्या गोळ्या सकाळीच एकत्र देऊन टाकतं.

हे झाल्यावरच हिंदी. अशा छोट्या तुटक ओळींची हिंदी अ‍ॅपही बरी करतं आणि आपल्यालाही तपासता येते. "उसके बाद 45 मिनट तक चाय, दूध, नाश्ता कुछ भी मत दीजिए।" "शुगर की गोली के 2 टुकड़े करके 1 टुकड़ा।" "शुगर 70 से कम आए और माँजी होश में हों तो 3 चम्मच चीनी पानी में।" मग दोन्ही मेसेज शेजारी ठेवून ओळी मोजायच्या, आकडे त्याच क्रमाने आहेत का बघायचं, आणि मराठीत जिथे नका, नाही आहे तिथे हिंदीत मत, नहीं आहे का ते बघायचं. याला हिंदीचं पांडित्य लागत नाही, आपल्यापैकी प्रत्येकाला हे जमतं.

काही जण म्हणतात हिंदी पण वेगळी बोलूनच टाकावी. नको. एक तर कीबोर्ड मराठीवर असतो आणि आपण हिंदी बोलतो, तिसरंच काहीतरी उमटतं, आणि दुसरं म्हणजे दोन वेगळे मेसेज दोन वेगळ्या चुका घेऊन तयार होतात, मग आत्या एक म्हणतात, दीदी दुसरंच दाखवते आणि त्या दोघी तुम्हाला फोन करतात.

औषधाचं नाव मात्र मी माईकला सांगतच नाही. ती नावं एकमेकांसारखी असतात, त्यात माईक आपल्या मनाने जवळचा शब्द बसवतो. पाकिटाचा फोटो काढते, नाव आणि पुढचा मिलिग्रॅमचा आकडा दिसेल असा, त्यावर 1, 2, 3 लिहिते आणि मेसेजमधल्या ओळीला तोच नंबर देते. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर जुना फोटो काढून नवा पाठवायचा.

पाठवल्यावर दीदीला फोन लावते आणि म्हणते, दीदी, सुबह क्या क्या देना है, बताइए. "समझ गई ना?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. तिने स्वतःच्या शब्दांत सांगितलं की कळतं मेसेज पोचला की नाही. आमच्या दीदीने पुडीबद्दल विचारलं की ही पाण्यात की दुधात, आणि ते खरंच मी लिहिलं नव्हतं. कागद बघून सांगितलं आणि दोन्ही मेसेजमध्ये ओळ वाढवली.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटं बदलता येतो, पण तोवर तो वाचून झालेला असतो किंवा कुणीतरी वहीत उतरवून घेतलेला असतो. डोस बदलला तर मी जुना मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करते आणि वर तारीख टाकून "आधीचा मेसेज रद्द" लिहून पूर्ण नवा पाठवते, मराठी आणि हिंदी एकामागोमाग, मध्ये चहा प्यायलासुद्धा न उठता. आणि फ्रिजवर चिकटवलेला जुना कागद आत्यांना फोन करून फाडायला सांगते.

(गोळ्या सासूबाईंच्या कागदावरच्या आहेत, तुमचा कागद वेगळा असेल, तोच बघा.)