खुलासा : बीपीच्या गोळीसोबत गुडघ्याची गोळी

“बीपीची गोळी वेगळी, गुडघ्याची वेगळी. दोन्ही आजार वेगळे, म्हणून सोबत घेतल्या तरी काही होत नाही.”

होते, आणि तेही मूत्रपिंडात. समजा, सत्तरीतल्या आजी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी रोज घेतात. वेचणीच्या दिवसांत गुडघे धरले म्हणून बाजाराच्या गावाहून डायक्लोफेनॅकची पट्टी आणली. हायड्रोक्लोरोथायझाइड शरीरातले पाणी-मीठ कमी करते, टेल्मिसार्टन मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब उतरवते आणि डायक्लोफेनॅक तिथे येणारी रक्तवाहिनी आवळते. तिन्ही मिळून गाळणे मंदावते. विदर्भातल्या उन्हाळ्यात किंवा हगवणीत हे लवकर घडते. लघवी कमी होते, पाय सुजतात, नियमित गोळी घेऊनही बीपी चढते.

उपकेंद्रातल्या सिस्टरने “कोणत्या गोळ्या घेता?” एवढेच विचारले, तर बीपीचीच गोळी सांगितली जाते, दुखण्याच्या गोळीला कोणी औषध धरतच नाही. म्हणून घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगावे. पट्टीवरचे मोठे नाव सोडून खालचे बारीक अक्षर वाचावे : डायक्लोफेनॅक किंवा त्याच गटातले अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन. यातले काही सापडले तर त्या दुखण्याच्या गोळीचा पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी मेडिकल ऑफिसरला कळवावे; क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी ते ठरवतील. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नये. दुखण्यासाठी बहुधा पॅरासिटामॉल चालते, पण ते दुसऱ्या गोळीत आधीच मिसळलेले नाही ना, हेही त्याच बारीक अक्षरात पाहावे.