व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकलं म्हणून ड्राइव्हवरचा बॅकअप जात नाही

फिरणारा मेसेज असा आहे: «गूगलचं स्टोरेज फुल दाखवतंय? व्हॉट्सअ‍ॅप अनइन्स्टॉल करून परत टाका. चॅट, फोटो आणि क्लाउडवरचा बॅकअप सगळं उडतं, जागा मोकळी होते. फोन विकतानाही एवढंच करा.»

यातलं क्लाउडबद्दलचं वाक्य चुकीचं आहे आणि तेच सगळ्यात जास्त नुकसान करतं. अँड्रॉइड फोनवर चॅट एकाच जागी नसतात. अ‍ॅपच्या स्वतःच्या बंद कप्प्यात चालू चॅट असतात. फोनच्या स्टोरेजमध्ये व्हॉट्सअ‍ॅप रोज पहाटे दोनच्या सुमारास एक प्रत ठेवतं. आणि बॅकअप चालू केला असेल, तर तिसरी प्रत तुमच्या गूगल खात्यात, म्हणजे गूगलच्या सर्व्हरवर जाते. अनइन्स्टॉल ही फोनच्या आतली क्रिया आहे. त्यात पहिला कप्पा रिकामा होतो. गूगलकडे «हा बॅकअप पुसा» असा कुठलाही निरोप त्यातून जात नाही.

याची खूण त्याच मेसेजच्या पुढच्या पायरीत आहे. अ‍ॅप परत टाकून नंबर पडताळला की व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप सापडल्याचं सांगतं आणि तो परत आणायचा का, असं विचारतं. बॅकअप गेला असता तर तो सापडला कुठून?

मग लोकांना हे खरं का वाटतं? कारण त्या प्रश्नावर घाईत Skip दाबलं जातं, चॅटची यादी कोरी दिसते आणि माणूस समजतो की सगळं साफ झालं. माझ्या मामांचं असंच झालं. मामा नाशिकच्या पंचवटीत राहतात, बाग दिंडोरीकडे आहे. द्राक्षाच्या हंगामात फवारणीचे, घडांचे, छाटणीचे व्हिडिओ त्यांच्या ग्रुपवर दिवसभर येत राहतात. एक दिवस निर्यातदाराचा फोन आला की तपासणीचा अहवाल मेल केला होता, तो परत आला. गूगलच्या फुकट १५ जीबीत जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह असं सगळं मिळून असतं. ते भरलं की नवे मेल येणं बंद होतं. व्हॉट्सअ‍ॅपचा अँड्रॉइड बॅकअप पूर्वी या हिशेबात धरत नसत. २०२४ पासून तो धरला जातो. मामांच्या खात्यात नऊ जीबीच्या आसपास जागा एकट्या या बॅकअपनं खाल्ली होती.

मेसेज वाचून मामांनी अ‍ॅप काढलं, परत टाकलं, Skip दाबलं. चॅट गेले आणि गूगलचा आकडा जागचा हलला नाही. म्हणजे जे ठेवायचं होतं ते दिसेना आणि जे काढायचं होतं ते तसंच राहिलं. त्यात आणखी एक धोका होता. नवा बॅकअप जुन्याच्या जागी लिहिला जातो, जुनी आवृत्ती मागे ठेवली जात नाही. कोऱ्या अ‍ॅपनं रात्री बॅकअप घेतला असता, तर वर्षानुवर्षांचे चॅट त्या कोऱ्या प्रतीखाली गेले असते. तशी वेळ आली नव्हती. म्हणून आम्ही वायफायवर अ‍ॅप पुन्हा टाकलं आणि या वेळी Restore दाबलं. चॅट आधी आले, व्हिडिओ मागून बराच वेळ उतरत राहिले. ते पूर्ण उतरेपर्यंत ड्राइव्हला हात लावायचा नाही, एवढं मी मामांना बजावलं.

मग खरं पुसणं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Settings, त्यात Chats, त्यात Chat backup उघडा. तिथे कुठलं गूगल खातं लिहिलंय ते बघून ठेवा आणि आपोआप होणारा बॅकअप बंद करा; तुमच्या आवृत्तीत Never किंवा Off जे दिसेल ते. हे आधी केलं नाही, तर आज पुसलेली प्रत पुढच्या बॅकअपला पुन्हा उभी राहते, आणि «डिलीट केलं तरी परत येतं» ही तक्रार इथूनच निघते.

त्यानंतर त्याच खात्यानं ब्राउझरमध्ये हा पत्ता उघडा:

```
drive.google.com/drive/backups
```

ड्राइव्हच्या नेहमीच्या फाइलींमध्ये हा बॅकअप दिसत नाही. तो अ‍ॅपच्या लपवलेल्या डेटात असतो, म्हणून ड्राइव्ह रिकामं दिसतं आणि जागा मात्र भरलेली. या पानावर व्हॉट्सअ‍ॅपची नोंद दिसेल, सोबत तुमचा नंबर. ती निवडून Delete backup करा. हे परत आणता येत नाही. फोनमधले चालू चॅट यामुळे जात नाहीत, याची काळजी करू नका. स्टोरेजचा आकडा लगेच उतरला नाही तर थोडा वेळ द्या. मामांचे मेल त्यानंतर सुरळीत येऊ लागले. पुढे त्यांनी बॅकअप पुन्हा चालू केला, पण व्हिडिओ वगळून. Chat backup मध्ये Include videos असा पर्याय आहे, तो बंद ठेवला. बागायतदारांच्या ग्रुपवर असणाऱ्याला माझा हाच सल्ला राहील.

पानावर नोंदच दिसली नाही, तर बहुधा खातं दुसरं आहे. एम. जी. रोडवर फोन घेतला, दुकानातल्या मुलानं पटकन एक जीमेल उघडून दिलं, पासवर्ड कुणाच्या लक्षात नाही, ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. मध्येच खातं बदललं तर जुना बॅकअप जुन्याच खात्यात पडून राहतो. फोनवर जी जी गूगल खाती आहेत, त्या प्रत्येकात हे पान उघडून बघा.

फोनच्या स्टोरेजमधली प्रत वेगळी. फाइल मॅनेजरमध्ये ती इथे असते:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

msgstore नावानं सुरू होणाऱ्या, मध्ये तारखा असलेल्या फाइली दिसतील. अ‍ॅप काढल्यावर हा फोल्डर काही फोनवर उरतो, काहींवर जातो. त्यामुळे गृहीत न धरता उघडून बघायचं.

अ‍ॅप काढणं आणि व्हॉट्सअ‍ॅपचं खातं बंद करणं, यांतही लोक गल्लत करतात. Settings मधल्या Account खाली Delete account आहे. त्यानं तुमचं खातं, ग्रुपमधलं नाव आणि गूगलवरचा बॅकअपही जातो. पण नंबर तोच ठेवून व्हॉट्सअ‍ॅप वापरायचं असेल, तर हा रस्ता तुमचा नाही.

राहिला फोन विकण्याचा सल्ला. फॅक्टरी रीसेट केला तरी साफ होतो तो फोनच. गूगल खात्यातली प्रत तिथेच राहते. तुम्ही २०२१ मध्ये आलेलं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केलं नसेल, तर चॅटना असलेलं ते संरक्षण या प्रतीला नसतं. म्हणून जुना फोन दुकानात देण्याआधी, खातं अजून आपल्या हातात असतानाच, वरचं पान उघडून बॅकअप पुसा किंवा नव्या फोनवर उतरवून घ्या. पासवर्ड आठवत नसलेलं खातं जुन्या फोनवर उघडं असेल, तर त्याचा पासवर्ड त्याच फोनवरून बदलून घ्या आणि मगच रीसेट करा.