ताळेबंद जुळणे म्हणजे मॉडेल बरोबर असणे नव्हे

“एक्सेलमधल्या फायनान्शियल मॉडेलसाठी इनपुट, गणित आणि आउटपुट अशी वेगवेगळी शीट करणे हा निव्वळ सल्लागारांचा देखावा आहे. सगळे एकाच शीटवर ठेवा, म्हणजे सगळे डोळ्यांसमोर राहते. ताळेबंद जुळला की मॉडेल बरोबर. कुठे एरर दिसलीच तर IFERROR लावून टाका. तपासणीसाठी चेकचे वेगळे शीट काढून फाइल जड करण्यात काय अर्थ आहे?” असा एक युक्तिवाद केला जातो.

दहा-बारा ओळींचा हिशेब असेल तर एक शीट पुरते. तिथे तीन शीट काढणे खरोखरच उगाचचा पसारा ठरेल. पण पाच वर्षांचे मासिक मॉडेल म्हणजे 60 स्तंभ, आणि त्यांत विक्री, खर्च, खेळते भांडवल, कर्ज, कर आणि शेवटी तिन्ही वित्तीय विवरणपत्रे. एवढे सगळे एका टॅबखाली कोंबले म्हणून ते डोळ्यांसमोर येत नाही. व्याजाचे सूत्र ओळ 240 वर आणि व्याजाचा दर ओळ 12 वर असेल, तर शीट बदलण्याऐवजी वर-खाली सरकत राहावे लागते, इतकाच फरक पडतो.

शीट वेगळी करण्याचे खरे कारण निराळे आहे. हाताने टाइप केलेला आकडा कुठे असू शकतो आणि कुठे असूच शकत नाही, हे त्यामुळे ठरून जाते. गृहीतके फक्त `Inputs` वर टाइप करायची आणि `Calc` वर केवळ सूत्रे ठेवायची, असा नियम पाळला की एक साधी तपासणी करता येते. `Calc` वर जाऊन `Go To Special` उघडावे, `Constants` निवडावे आणि त्याखाली फक्त `Numbers` वर खूण ठेवावी. शीट स्वच्छ असेल तर `No cells were found.` हा संदेश येतो. कुणी मध्येच सूत्रावर आकडा टाइप केला असेल, तर नेमका तोच सेल निवडला जातो. एकाच शीटच्या मॉडेलमध्ये हीच तपासणी निरुपयोगी ठरते, कारण तिथे रीतसर टाकलेली शेकडो गृहीतकेही निवडली जातात आणि त्या गर्दीत चुकीचा सेल ओळखू येत नाही. या तपासणीलाही मर्यादा आहे: `=F20*0.12/12` अशा सूत्राच्या पोटात दडलेला दर तिला सापडत नाही. त्यासाठी ओळीतले पहिले सूत्र वाचावेच लागते. मात्र प्रत्येक ओळीत पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत एकच सूत्र असेल, तर एका ओळीसाठी एकच सूत्र वाचून भागते.

शीट बदलत फिरण्याची तक्रार मात्र रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय आहे. `Calc` वरील प्रत्येक गटाच्या सुरुवातीला त्या गटाला लागणारी गृहीतके दुव्याने वर आणून ठेवावीत. कर्जाच्या गटात पहिल्या ओळी व्याजदर आणि मुदत यांच्या असाव्यात. त्या `Inputs` कडून येतात, आणि खालचे गणित फक्त याच ओळींकडे बघते. सूत्र वाचणाऱ्याला मग शीट सोडावे लागत नाही. शिवाय महिन्यांनुसार चालणाऱ्या सर्व शीटवर एका महिन्याचा स्तंभ एकच ठेवावा. पहिला महिना `F` मध्ये असेल तर तो सगळीकडे `F` मध्येच. हे पाळले नाही तर शीट वेगळी करून उलट नुकसान होते, कारण एका शीटवरचा मे महिना दुसऱ्या शीटवरच्या जूनला जोडला गेला तरी तो वाचताना खटकत नाही.

आता ताळेबंदाकडे वळू, कारण सर्वांत जास्त फसगत इथे होते. एक छोटे उदाहरण घेऊ. कर्ज 1200, मुद्दलाचे 60 समान मासिक हप्ते 20 चे, आणि व्याज महिन्याच्या आरंभीच्या शिल्लकेवर दरमहा 1 टक्का. पहिल्या महिन्याचे व्याज 12, दुसऱ्याचे 11.8, आणि 60 महिन्यांचे एकूण व्याज 366. समजा, एक हप्ता पुढे ढकलला तर काय होईल हे पाहण्यासाठी कुणीतरी 37व्या महिन्याच्या हप्त्यावर 0 टाइप केले आणि सूत्र परत घालायचे विसरले. त्या महिन्यात रोकड 20 ने जास्त राहते, कर्जाची शिल्लकही 20 ने जास्त राहते. मालमत्ता आणि देणी दोन्ही सारख्याच वाढल्यामुळे ताळेबंद त्या महिन्यात जुळतो. पुढच्या 23 महिन्यांत दरमहा 0.2 जादा व्याज लागते. ते नफ्यातून जाते आणि रोकडीतूनही जाते, म्हणून तेव्हाही ताळेबंद जुळतो. एकूण व्याज 370.6 होते, सगळे स्तंभ जुळलेले दिसतात, आणि मॉडेल चुकलेले असते.

ताळेबंदाचा चेक एवढेच सांगतो की प्रत्येक नोंदीची दुसरी बाजू कुठेतरी पोहोचली आहे. नोंदीची रक्कम बरोबर आहे की नाही, हे त्याला कळत नाही. त्यातून रोकड ही देणी व भांडवल वजा इतर मालमत्ता अशी काढलेली असेल, तर हा चेक चुकूच शकत नाही, म्हणजे तो काहीच तपासत नाही. असे जुळवून घेतलेले ताळेबंद आणि त्यांच्या डोक्यावर मिरवणारे हिरवे `OK` दिसले, की मी आधी रोकडीचे सूत्र उघडतो.

वरची चूक पकडणारे दोन चेक अगदी साधे आहेत. मुदत संपल्यावर कर्जाची शिल्लक 0 असली पाहिजे. इथे ती 20 उरते. तसेच सर्व हप्त्यांची बेरीज उचललेल्या कर्जाइतकी असली पाहिजे. इथे ती 1180 भरते. दोन्ही चेक कर्जाच्या करारातून येतात, लेखांकनाच्या समीकरणातून नव्हे, आणि म्हणूनच ताळेबंदाला न दिसणारी गोष्ट त्यांना दिसते. प्रत्येक गटासाठी असा एखादा स्वतंत्र नियम शोधता येतो: स्थिर मालमत्तेचा एकूण घसारा तिच्या मूळ किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि रोकड प्रवाहातली अखेरची रोकड ताळेबंदातल्या रोकडीइतकीच हवी.

चेक लिहिताना दोन खोड्या सांभाळाव्या लागतात. पहिली दशांशांची. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, त्यामुळे एक्सेलमध्ये `=1*(0.5-0.4-0.1)` चे उत्तर 0 न येता शून्याच्या अगदी जवळचा एक ऋण आकडा येतो. म्हणून दोन आकडे तंतोतंत सारखे आहेत का असे न विचारता त्यांच्यातला फरक ठरावीक मर्यादेच्या आत आहे का असे विचारावे, आणि ती मर्यादा `Inputs` वर ठेवावी. दुसरी खोड बेरजेची. सर्व महिन्यांच्या फरकांची बेरीज 0 आहे एवढेच पाहिले, तर पाचव्या महिन्यातला अधिक 30 आणि सहाव्यातला उणे 30 एकमेकांना खाऊन टाकतात. त्यासाठी आधी प्रत्येक महिन्यात 0 किंवा 1 अशी खूण काढावी आणि बेरीज त्या खुणांची करावी.

```
=IFERROR(IF(ABS(Calc!F42-Calc!F57)>Inputs!$D$5,1,0),1)
```

इथे `F42` म्हणजे एकूण मालमत्ता, `F57` म्हणजे एकूण देणी व भांडवल, आणि `$D$5` ही मर्यादा. या सूत्रात IFERROR आहे, पण एरर आल्यास ते 1 देते, म्हणजे चेक नापास होतो. हा एकच अंक बदलून तिथे 0 लिहिला, तर मॉडेल मोडलेले असताना चेक पास दाखवेल.

IFERROR सरसकट लावण्यात हाच धोका आहे. समजा, मॉडेलमध्ये आशावादी, निराशावादी अशा शक्यता आहेत, निवडलेल्या शक्यतेच्या नावावरून खर्चवाढीचा दर तक्त्यातून शोधला जातो, आणि तक्त्यातल्या नावाच्या शेवटी चुकून एक रिकामी जागा राहिली आहे. शोध फसतो आणि `#N/A` येते. ते तसेच राहिले तर खालचे सगळे आकडे `#N/A` होतात आणि दोन मिनिटांत कारण सापडते. त्यावर `IFERROR(…,0)` लावले तर खर्चवाढ 0 होते, नफा वाढतो, ताळेबंद जुळतो, आणि नफा अपेक्षेपेक्षा चांगला आला म्हणून सहसा कुणी चौकशी करत नाही. भागाकारात छेद 0 असण्याची शक्यता ठाऊक असेल, तर तेवढ्यापुरती `IF` ची अट लिहावी. म्हणजे ठाऊक असलेली परिस्थिती हाताळली जाते आणि अनपेक्षित चूक उघडी राहते.

फाइल जड होण्याचा मुद्दा लवकर संपतो. वजाबाकी आणि तुलना यांच्या वीस-पंचवीस ओळींनी फाइल जड होत नाही. ती मंद होते `OFFSET` आणि `INDIRECT` सारख्या सूत्रांमुळे, कारण कुठेही काही बदलले की ती पुन्हा मोजली जातात.

रचनेतल्या चुका नामांकित लोकांकडूनही होतात. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरील 2010च्या शोधनिबंधात सरासरीच्या सूत्राने `L30:L49` ऐवजी `L30:L44` एवढेच सेल घेतले होते, आणि पाच देश गणितातून गळाले होते. 2013 मध्ये हर्नडन, अॅश आणि पॉलिन या संशोधकांनी मूळ वर्कशीट मिळवून ते दाखवले. त्या निबंधावर इतरही आक्षेप होते, आणि भारांक कसे द्यावेत यांसारखा वाद कोणत्याही चेकने मिटला नसता. पण यादीत किती देश आहेत आणि सरासरीत किती ओळी घेतल्या आहेत, यांची तुलना करणाऱ्या एका सेलने 20 आणि 15 हा फरक लगेच दाखवला असता.

चेक कुठे दिसतात, यालाही महत्त्व आहे. `Checks` शीटवर सर्व खुणांची एक बेरीज करावी आणि ती प्रत्येक शीटच्या माथ्यावर, विशेषतः छापल्या जाणाऱ्या `Output` वर, दुव्याने आणावी. रोकड ऋण होणे किंवा बँकेची अट मोडणे यांची खूण या बेरजेत मिसळू नये, कारण ती मॉडेलची चूक नसून व्यवसायाबद्दलची सूचना आहे. दोन्ही एकत्र केले की लाल रंगाची सवय होते आणि खरी चूकही दुर्लक्षित राहते. आणि मॉडेल कुणाच्या हाती देण्यापूर्वी चेक मुद्दाम मोडून पाहावेत: 37व्या महिन्याच्या हप्त्यावर 0 टाइप करावे, `Output` च्या माथ्यावरचा आकडा बदलतो का ते पाहावे, आणि मग `Ctrl+Z` दाबावे.